मदत हवी आहे: नाव चुकीचे असूनही त्यावरून काढलेली रचना बरोबर येते, मग चूक पकडायची कशी?

मृण्मयी
आययुपॅक नामकरणाची उत्तरे तपासताना मी आजवर विद्यार्थ्याने लिहिलेल्या नावावरून रचना काढत आले आणि ती प्रश्नातल्या रचनेशी जुळली की गुण देत आले. परंतु CH₃CH₂CH(CH₃)CH₂CH(CH₃)CH₃ या संयुगाला एकाने 2-इथाइल-4-मिथाइलपेंटेन आणि दुसरीने 2,4-डायमिथाइलहेक्झेन असे नाव दिले, तेव्हा दोन्ही नावांवरून नेमकी हीच रचना येते हे ध्यानात आले आणि माझी पद्धत मुळातच अपुरी असल्याची खात्री पटली. यापूर्वी अशी किती चुकीची उत्तरे मी बरोबर धरली असतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरी अडचण CH₃CH(CH₃)CH₂CH₂CH₂C(CH₃)₂CH₂CH₃ या रचनेची आहे. माझ्या उत्तरसूचीत 2,6,6-ट्रायमिथाइलऑक्टेन आहे, तर तीन विद्यार्थ्यांनी 3,3,7-ट्रायमिथाइलऑक्टेन लिहिले आहे. उत्तरसूची चुकली आहे का?

दिगंबर
कागदावर सरळ ओळीत काढलेली शृंखला हीच सर्वांत लांब असते, असे विद्यार्थी गृहीत धरतात. प्रत्येक टोकाच्या कार्बनपासून पेन्सिल न उचलता इतर प्रत्येक टोकापर्यंत जाऊन कार्बन मोजायला लावा, म्हणजे पहिली चूक सुटेल. दुसऱ्या प्रश्नात मात्र विद्यार्थी बरोबर आहेत. 3+3+7 म्हणजे 13 आणि 2+6+6 म्हणजे 14, त्यामुळे कमी बेरजेचे नाव घ्यावे.

सुलभा
दिगंबरजी, पेन्सिलीची सूचना उत्तम आहे. बेरजेचा नियम मात्र नाही. दोन्ही दिशांचे अंक चढत्या क्रमाने लिहून एकेक अंक ताडून पाहायचा, आणि जिथे पहिला फरक पडतो तिथे लहान अंक असलेली दिशा घ्यायची. इथे पहिल्याच जागी 2 आणि 3 आहेत, म्हणून 2,6,6 हेच बरोबर. साध्या अल्केनवर दोनच शाखा असतील, तर बेरीज आणि पहिला फरक नेहमी एकच दिशा दाखवतात; तीन शाखांपासून त्यांची फारकत होऊ शकते. मला वाटते, हा गैरसमज इतका टिकून राहतो तो याचमुळे.

मृण्मयीताई, दिशा तपासण्यासाठी रचना काढण्याचीही गरज नाही. शृंखलेत आठ कार्बन असतील तर प्रत्येक अंक 9 मधून वजा करा: 3,3,7 चे 6,6,2 होतात, आणि चढत्या क्रमाने लावले की 2,6,6 हा दुसऱ्या दिशेचा संच समोर येतो.

शृंखलेची चूकही अल्केनच्या नावातच दिसते. दुसऱ्या कार्बनच्या अलीकडे टोकापर्यंत एकच कार्बन उरतो. तिथे दोन कार्बनची इथाइल शाखा टांगली असेल, तर ती शाखाच मुख्य शृंखलेचा भाग असायला हवी होती. तिसऱ्यावर प्रोपाइल असेल तरी तेच. ही तपासणी दोन्ही टोकांकडून करावी आणि शाखेलाच फाटा असेल तर तिची सर्वांत लांब वाट मोजावी. तिसऱ्यावर इथाइल असेल तर मात्र बरोबरी होते, आणि अशा वेळी ज्या शृंखलेवर अधिक शाखा येतात ती निवडावी लागते.

अनिकेत
माझ्या मुलीने CH₃CH₂CH(OH)CH₂CH(CH₃)CH₃ याचे नाव 2-मिथाइलहेक्झेन-4-ऑल असे लिहिले आणि गुण गेले. आपल्या नियमाप्रमाणे 2,4 हा संच 3,5 पेक्षा लहान आहे. मग तिचे काय चुकले?

सुलभा
मी सांगितलेली तुलना केवळ शाखा असलेल्या अल्केनपुरती होती. इथे प्रथम ऑल या प्रत्ययाला लहान अंक मिळायला हवा, मग मिथाइलला कोणताही अंक येवो, म्हणून 5-मिथाइलहेक्झेन-3-ऑल. शाखेच्या लांबीची तपासणीदेखील अशा संयुगांना जशीच्या तशी लावू नये, कारण मुख्य क्रियात्मक गट धारण करणारी शृंखला सर्वांत लांब असेलच असे नाही.

मृण्मयी
मनापासून आभार. 3,3,7 ची तिन्ही उत्तरे मी चूक धरीन. मात्र आपली तपासणी CH₂=C(CH₂CH₃)CH₂CH₂CH₃ याच्या 2-इथाइलपेंट-1-ईन या नावाला लावली, तर दुसऱ्या कार्बनवर इथाइल येते, आणि माझ्या पुस्तकात तर हेच नाव बरोबर म्हणून छापले आहे.

सुलभा
जुन्या नियमांत दुहेरी बंध शृंखलेत घेणे आधी येत असे, त्यामुळे ते नाव त्या पद्धतीने बरोबर आहे. 2013 च्या शिफारशींत शृंखलेच्या लांबीला प्राधान्य मिळाले आणि पसंतीचे नाव 3-मिथिलिडीनहेक्झेन झाले.

दिगंबर
बेरजेची चूक मान्य आहे. पण पुस्तक जुन्या नियमांचे असताना एखाद्याने 3-मिथिलिडीनहेक्झेन लिहिले, तर त्याला गुण द्यायचे की नाही?

सुलभा
मी देईन. मात्र दोन्ही नावांना गुण द्यायचे असतील, तर कोणत्या नियमांनुसार नाव अपेक्षित आहे हे प्रश्नपत्रिकेत आधीच लिहिलेले असावे, आणि तसे लिहिलेली प्रश्नपत्रिका माझ्या पाहण्यात क्वचितच आली आहे.