अनुभव धागा: मराठी-इंग्रजी कोटीची कॅप्शन तुम्ही कशी उलगडता?

रानजाई

फोटोखालची ओळ वाचून चार जण हसतात आणि पाचवा विचारतो, "यात हसण्यासारखं काय आहे?" त्या पाचव्याला नीट समजावून सांगता यावं म्हणून हा धागा काढते आहे. नुसती सरमिसळ इथे नको. "मी टोटली बोअर झालेय" यात दोन भाषा आहेत, पण कोटी नाही. एकच उच्चार मराठीत एक सांगतो, इंग्रजीत दुसरं सांगतो आणि गंमत त्या दोहोंवर उभी असते, अशाच ओळी घेऊ. एक ओळ घ्या, ती कशी सोडवलीत ते सांगा, अडलं असेल तर कुठे तेही लिहा.

पहिली ओळ माझी. गॅलरीच्या ग्रिलवर कारल्याचा वेल पार वरपर्यंत पसरलेला, आणि खाली लिहिलंय: ऑल इज वेल.

आधी फोटो झाकून ओळ मोठ्याने वाचायची. सगळं इंग्रजी वाटतं आणि "सारं ठीक आहे" एवढाच अर्थ लागतो. मग फोटो उघडायचा आणि चित्रातल्या वस्तूला मराठीत काय म्हणतात ते पुटपुटायचं. वेल! "ऑल इज" तसंच राहतं, शेवटचा शब्द तेवढा मराठी होतो आणि "जिकडेतिकडे वेलच वेल" असं ऐकू येतं. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू यांचे उच्चार वेगळे आहेत, मराठी तोंडात मात्र दोन्हींचा "व" होतो. कोटी जमते ती त्यामुळेच. याच ओळीखाली गुलाबाच्या कुंडीचा फोटो लावला तर काहीच उरत नाही, कारण मराठी अर्थ पुरवायचं काम फोटोचं आहे.

कट्टेकरी

माझा नियम सरळ आहे. रोमन लिपीत लिहिलं की कोटी लपते, देवनागरीत लिहिलं की दिसते. तुमचीच ओळ इंग्रजी स्पेलिंगने लिहून बघा, वेल दिसणारच नाही. त्यामुळे कॅप्शन रोमनमध्ये असेल तर ती आधी देवनागरीत लिहून काढायची, लगेच कळते.

मुद्रितशोधक

कट्टेकरी, वेलाच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण सगळीकडे ते लागू पडत नाही. एक ओळ दोन लिप्यांत देतो.

झाडाखाली दोन मोर, आणि ओळ: वन्स मोर. संगीत नाटकांच्या काळापासून हा पुकारा मराठी प्रेक्षकाच्या कानात बसलेला आहे. एक मोर नाचून गेला, आता दुसरा, म्हणून वन्स मोर. इथे देवनागरीच हवी आणि तीही "मोर" अशीच. एखाद्या काटेकोर माणसाने उच्चाराला धरून "मोअर" केलं की पक्षी उडाला. अशा ओळीत प्रमाणलेखन करायचं नसतं, हे आमच्या धंद्यात पहिल्यांदा शिकावं लागतं.

आता हीच ओळ रोमनमध्ये: Once More. फोटो ऑफिसातल्या निरोप समारंभाचा आहे. मोरे साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर आल्या त्याही मोरे मॅडमच. रोमनमध्ये मोरे आणि मोअर यांचं स्पेलिंग एकच, म्हणून कोटी डोळ्याला दिसते, कानाला ऐकू येत नाही. ही ओळ देवनागरीत लिहून काढलीत तर तुम्हाला मोर किंवा मोरे यातलं एक निवडावं लागेल, आणि निवडलंत की विनोद गेला.

म्हणून मी आधी एवढंच विचारतो: ही कोटी कानाची आहे की डोळ्याची? कानाची असेल तर मोठ्याने वाचा. डोळ्याची असेल तर लिपी न बदलता नुसती बघत राहा. रोमनमध्ये न-ण, त-ट, द-ड, ल-ळ एकाच अक्षरात मिसळतात आणि ऱ्हस्व-दीर्घही उरत नाही, त्यामुळे तिथे डोळ्याच्या कोट्या जास्त सापडतात.

सांगलीचा_संजू

मला आवडलेली एक सांगतो. चायना! कपबशीचा फोटो, खाली "मेड इन चाय ना". ही पण घ्या की.

रानजाई

संजू, ती हिंदीची आहे. मराठीत आपण चहा म्हणतो आणि "ना" आग्रहाला वापरतो, "घ्या ना". हिंदी येणारा मराठी माणूस हसेल, पण हसताना तो हिंदी वापरत असेल.

तळेगावची_मावशी

मला ही ओळ कुणीतरी समजावून सांगा. भाच्याने १४ मार्चला पाठवली होती. तळपायाचा फोटो, त्यावर ३.१४ लिहिलेलं, आणि खाली: आज पाय दिन. थोरांच्या पाया पडा. नमस्कार करायचा एवढं समजलं. तो आकडा कशाला?

गणितमास्तर

मावशी, वर्तुळाच्या परिघाचं सूत्र आठवतंय का? मराठी माध्यमाच्या वर्गात पोरं ते तालात म्हणतात, "दोन पाय आर". त्यातला "पाय" हे ग्रीक अक्षराचं इंग्रजी नाव, π. त्याची किंमत सुमारे ३.१४. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून १४ मार्च म्हणजे ३/१४, आणि त्यावरून तो दिवस पाय दिन ठरला. युनेस्कोने २०१९ मध्ये याच तारखेला आंतरराष्ट्रीय गणित दिन जाहीर केला. आपण दिवस आधी लिहितो, त्यामुळे आपल्याकडच्या १४/३ मध्ये ३.१४ दिसतच नाही. आकडा कळायला अमेरिकी तारीख ठाऊक असावी लागते आणि नमस्कार कळायला मराठी घर. खरं तर आपल्याला शाळेत किंमत शिकवतात २२/७, आणि आपल्या पद्धतीने ती तारीख होते २२ जुलै. तो दिवसही काही गणितप्रेमी पाळतात. भाच्याला सांगा, वर्षातून दोनदा पाया पड.

मुद्रितशोधक

मास्तरांच्या उदाहरणावरून एक कसोटी सांगतो, मला ती फार उपयोगी पडते. शब्दाला प्रत्यय लावून बघायचा. मराठी पाय प्रत्ययापूर्वी बदलतो: पायाला, पायाचा. गणितातला π बदलत नाही. वर्गात "पायची किंमत" म्हणतात, "पायाची किंमत" म्हटलं तर बुटांच्या दुकानात आल्यासारखं वाटेल. म्हणजे भाच्याच्या ओळीत "पाय दिन" हे दोन्ही भाषांचं आहे, पण "पाया पडा" निव्वळ मराठी. कोटी पहिल्या वाक्यात आहे आणि दुसरं वाक्य तिचा मराठी अर्थ पक्का करतं.

मोराचंही तसंच: पक्षी असेल तर "मोराला", इंग्रजी शब्द असेल तर "मोअरला". म्हणूनच बहुतेक चांगल्या ओळींत कोटीचा शब्द उघडा असतो, त्याला प्रत्यय नसतो. प्रत्यय लागला की शब्दाला एक बाजू घ्यावीच लागते.

ओव्हरटाइम

मी अकाउंट्समध्ये आहे. जुलैमध्ये विवरणपत्रांच्या धावपळीत आमच्या ग्रुपवर हमखास फिरणारी ओळ: आय असेल तरच लव्ह यू.

इंग्रजीत आय म्हणजे मी, आणि "आय लव्ह यू" ठरलेलं वाक्य. मराठीत आय म्हणजे उत्पन्न. मधे "असेल तरच" घुसवून वाक्य तोडलंय, त्यामुळे कमाई असेल तरच प्रेम, असा अर्थ निघतो. शब्द मुद्दाम पुस्तकी घेतला आहे. बोलताना आपण पगार, कमाई, उत्पन्न म्हणतो, "आय" भेटतो तो आयकरात आणि आय-व्ययात. आयकर शब्द रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला ओळ पटकन लागते, इतरांना जरा वेळ लागतो. काही जण "आय" अवतरणात टाकतात. तसं करू नये, वाचणाऱ्याला शोधायला काही उरत नाही.

पंचगंगा

आमच्याकडं ही वळ येगळीच वाचत्यात. आय म्हंजे आई. "आय असंल तरच लव्ह यू", म्हंजे घरात आई हाय म्हणून प्रेम हाय. मी तर ती मातृदिनाचीच समजले हुते.

ओव्हरटाइम

पण मग "यू" कोणाला? आईलाच म्हणायचं असेल तर "असेल तरच" ही अट बसत नाही.

पंचगंगा

अट कशाला? आय घरात असंल तरच बाकीच्यांस्नी माया लागती, असं बी हुतंय की.

मुद्रितशोधक

दोन्ही वाचनं उभी राहतात, आणि का राहतात ते बघण्यासारखं आहे. "असेल" या रूपात लिंग कळत नाही. "नसली" किंवा "नव्हता" असं क्रियापद असतं तर एक वाचन लगेच बाद झालं असतं. अशा वेळी ओळ कुठे आणि कधी आली ते पाहावं लागतं. जुलैमध्ये अकाउंट्सच्या ग्रुपवर असेल तर उत्पन्न. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, आईच्या फोटोखाली असेल तर पंचगंगाताईंचं वाचन. फोटोही नाही आणि तारीखही नाही, अशी ओळ आली तर ती कुणाची हे मला ठरवता येणार नाही.

कट्टेकरी

म्हणजे क्रियापदाचं लिंग बघायचं. मग ही घ्या, वाफाळत्या कपाखालची: सकाळी ती नाही, टी हवी. त आणि ट यांची कोटी आहे एवढं मला कळलं. लिंगाचा काय संबंध?

मुद्रितशोधक

चांगलं उदाहरण दिलंत. चहा पुल्लिंगी, "चहा हवा". टीसुद्धा चहाच, मग "टी हवा" का नाही? "हवी" लिहिल्यामुळे कप बाईमाणूस झाला आणि "ती"च्या जागी बसू शकला. "टी हवा" करून वाचा: त-टचं यमक राहतं, पण अदलाबदल होत नाही. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असो वा नसो, विनोदाचा निम्मा भार त्या "हवी"वर आहे. क्रियापद किंवा विशेषण अपेक्षेपेक्षा वेगळ्या लिंगात दिसलं की तिथे थांबून आसपास कोटी आहे का ते शोधावं.

रानजाई

मला इथे शंका आहे. आमच्या घरात सगळे "ग्रीन टी घेतली" म्हणतात. शेवटी ई आली की स्त्रीलिंग, असं आपोआप होतं. मग "टी हवी" यात वेगळं काय झालं?

ओव्हरटाइम

आमच्या ऑफिसात "ग्रीन टी घेतला". घेतली कधीच ऐकलं नाही.

गणितमास्तर

आमच्या स्टाफरूममध्ये दोन्ही चालतं, एकाच टेबलावर.

मुद्रितशोधक

मग माझी खूण "ग्रीन टी घेतला" म्हणणाऱ्यांच्याच कामाची. रानजाईंच्या घरात "हवी" खटकणारच नाही, त्यांना फक्त त आणि ट ऐकू येईल. कोणत्या भागात कोणतं लिंग चालतं ते इथे लिहा, गावाच्या नावासकट. लेमन टी आणि ब्लॅक टीचंही लिहा.

पंचगंगा

आमच्याकडं काळा चहा.