मदत हवी आहे: ब्लॉक मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढताना गुणाकाराचा क्रम कुठून येतो?

अरुणावतीकाठ

नमस्कार. बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे, दिग्रसजवळच्या गावातून कॉलेजला ये-जा करते. लिनिअर अल्जेब्राच्या तासाला ब्लॉक मॅट्रिक्स एका तासात उरकलं, आणि आता परीक्षेच्या तोंडावर मला त्यातलं सूत्र समजून नाही राहिलं. ४×४ चं मॅट्रिक्स दिलंय, मधोमध उभी-आडवी रेघ मारून त्याचे चार तुकडे करायचे:

```
M = २ १ | १ ०        A | B
    १ १ | २ १        -----
    -----------      C | D
    १ १ | ३ २
    ० १ | ३ ३
```

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गुणाकारात रेघ कुठेही मारली तर चालते का? आणि इन्व्हर्सच्या सूत्रात `D − CA⁻¹B` येतं, तिथे C आधी आणि B शेवटी का? उलट लिहिलं तर काय बिघडतं? नुसतं पाठ करायचं नाही, कारण पेपरात तुकडे बदलून देतात.

भूषण_वणी

एवढं कठीण नाही ते. २×२ ला जसं `ad − bc` करतो तसंच इथं. `AD − BC` काढा, त्याचा डिटर्मिनंट म्हणजे M चा डिटर्मिनंट. आम्ही असंच करायचो, उत्तरं बरोबर यायची.

अरुणावतीकाठ

भूषणभाऊ, करून पाहिलं.

```
AD = ९ ७    BC = १ १    AD − BC = ८ ६
     ६ ५         २ ३              ४ २
```

याचा डिटर्मिनंट १६ − २४ = −८. चारही तुकड्यांचे डिटर्मिनंट वेगवेगळे काढून `ad − bc` केलं तर १×३ − १×१ = २. आणि पूर्ण ४×४ रांगा वजा करत सोडवलं तर १ येतं. तिन्ही तीन तऱ्हेचे.

कपाशी_प्लॉट

ताई, अकोल्याला कृषीमध्ये एमएस्सी करून राहिलो. ब्लॉक म्हणजे आमच्या रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनचं विचारता का? शेताच्या उताराप्रमाणे ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट एकदा टाकायच्या. त्यात इन्व्हर्स लागत नाही, ॲनोव्हाचा तक्ता भरला की झालं.

वाशीमचे_मास्तर

कपाशीभाऊ, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. पण तुमच्या डिझाइनचा याच्याशी संबंध आहे, त्याकडे मागाहून येतो.

आधी गुणाकाराची रेघ. डाव्या मॅट्रिक्सच्या स्तंभांत जिथे उभी रेघ मारली, उजव्या मॅट्रिक्सच्या ओळींत आडवी रेघ तिथेच हवी. डावीकडे स्तंभ २ + २ असे कापले आणि उजवीकडे ओळी १ + ३ अशा कापल्या, तर A ला दोन स्तंभ आणि समोरच्या तुकड्याला एकच ओळ. गुणाकार मांडताच येणार नाही. डावीकडची आडवी रेघ आणि उजवीकडची उभी रेघ मात्र मनाला येईल तिथे मारा, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. एवढं जुळलं की तुकड्यांना आकडे समजून नेहमीसारखं ओळ गुणिले स्तंभ करायचं. एकच पथ्य: डावीकडचा तुकडा डावीकडेच राहतो.

आता सूत्र. ते विसरा आणि दहावीतली दोन चलांची समीकरणं आठवा. x आणि y हे प्रत्येकी दोन आकड्यांचे स्तंभ समजा:

```
A x + B y = p
C x + D y = q
```

पहिल्यातून x काढू. इथे भागाकार नाही, म्हणून दोन्ही बाजूंना डावीकडून A⁻¹ ने गुणायचं: `x = A⁻¹p − A⁻¹B y`. हा x दुसऱ्यात टाका. x च्या डावीकडे C उभा आहेच, त्यामुळे आपोआप `CA⁻¹p − CA⁻¹B y + D y = q` असं होतं. y एकीकडे घ्या:

```
(D − CA⁻¹B) y = q − CA⁻¹p
```

तुमचा क्रम इथून आला. B हा y ला चिकटलेला होता म्हणून तो शेवटी, आणि C बाहेरून येऊन गुणतो म्हणून पुढे. उलट लिहिलं तर वेगळ्याच समीकरणांचं उत्तर निघेल, आणि तुकडे चौकोनी नसतील तर गुणाकार बसणारही नाही. कंसातल्याला S म्हणू, पुस्तकात शूर कॉम्प्लिमेंट म्हणतात. A चा इन्व्हर्स असेल तर M चा डिटर्मिनंट म्हणजे A चा गुणिले S चा. भूषणभाऊंचं `AD − BC` अगदीच खोटं नाही. C आणि D यांचा गुणाकार दोन्ही क्रमाने सारखा येत असेल तेव्हा ते चालतं. तुमच्या वेळी D जागी युनिट मॅट्रिक्स वगैरे देत असतील. इथे CD ची पहिली ओळ ६, ५ आहे आणि DC ची ३, ५. म्हणून चाललं नाही.

भूषण_वणी

हो सर, आमच्या गणितांत खालचे दोन्ही तुकडे बहुतेक डायगोनल असायचे. ही अट कोणी सांगितली नव्हती.

अरुणावतीकाठ

सर, समीकरणांपर्यंत आलं ध्यानात. पण त्यातून इन्व्हर्सचे चार तुकडे कसे उचलायचे?

वाशीमचे_मास्तर

इन्व्हर्स म्हणजे p, q दिल्यावर x, y देणारं मॅट्रिक्स. म्हणून y च्या उत्तरात p आणि q यांच्यापुढे जे उभं असेल ते खालचे दोन तुकडे, आणि x च्या उत्तरातले वरचे दोन. वर `y = S⁻¹q − S⁻¹CA⁻¹p` मिळालंच आहे. तुमचेच आकडे घेतो. `CA⁻¹` आणि `A⁻¹B` सुरुवातीलाच काढून बाजूला लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा लागतात.

```
A⁻¹ =  १ −१    CA⁻¹ =  ० १    A⁻¹B = −१ −१
      −१  २           −१ २            ३  २

CA⁻¹B = २ १    S = १ १    S⁻¹ = १ −१
        ३ २        ० १          ०  १
```

S चा डिटर्मिनंट १, A चाही १. म्हणून M चा १, जो तुम्हाला रांगा वजा करून आला होता. आता तुकडे:

```
खाली उजवा:  S⁻¹              =  १ −१
                                ० १
खाली डावा: −S⁻¹(CA⁻¹)        = −१  १
                                १ −२
वर उजवा:   −(A⁻¹B)S⁻¹        =  १  ०
                               −३  १
वर डावा:   A⁻¹ + (A⁻¹B)S⁻¹(CA⁻¹) =  १ −२
                                    ०  ३
```

शेवटच्या तुकड्यात बेरीज आहे, वजाबाकी नाही. पेपर तपासताना सगळ्यात जास्त चुका मला तिथेच दिसायच्या. x च्या सूत्रात y टाकताना उणे-उणे मिळून अधिक होतं, ते एकदा स्वतः लिहून बघा. ताळा करायला पूर्ण ४×४ गुणायची गरज नाही, आधी वरचा डावा कोपरा बघा. A गुणिले वरचा डावा, अधिक B गुणिले खालचा डावा:

```
२ −१   +   −१ १   =   १ ०
१  १       −१ ०       ० १
```

युनिट मॅट्रिक्स आलं. तीन कोपरे राहिले, ते तुमच्याकडे.

डिजिटल_सेवा_आर्णी

एवढा कागद कशाला? मोबाईलवर शीट उघडा, A1 पासून D4 पर्यंत आकडे भरा आणि बाजूला `=MINVERSE(A1:D4)` टाका.

अरुणावतीकाठ

दादा, हॉलमध्ये मोबाईल नेऊ देत नाहीत. पण घरी ताळ्याला वापरलं. सरांचं उत्तर तंतोतंत जुळलं, आणि उरलेले तीन कोपरेही हाताने केले, दोन शून्य आणि एक युनिट आलं.

वाशीमचे_मास्तर

छान. आता कपाशीभाऊ. तुमच्या प्लॉटवर ४ ब्लॉक आणि ३ ट्रीटमेंट धरा. ॲनोव्हाच्या मागे नॉर्मल समीकरणं असतात. जनरल मीन वगळून मांडली तर त्यांचं मॅट्रिक्स चार तुकड्यांचंच होतं. A म्हणजे ब्लॉकचा भाग, डायगोनलवर सगळीकडे ३. D ट्रीटमेंटचा, डायगोनलवर ४. B आणि C मध्ये सगळे १, कारण प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक ट्रीटमेंट एकदाच येते. A चा इन्व्हर्स तोंडी होतो, म्हणून आधी ब्लॉक काढून टाकतात. उरलेल्या S मध्ये डायगोनलवर ८/३ आणि बाकी जागी −४/३ येतं. आता कोणत्याही ओळीची बेरीज करा.

कपाशी_प्लॉट

शून्य! म्हणजे S चा इन्व्हर्सच नाही? मग सॉफ्टवेअर उत्तर कसं देतं?

वाशीमचे_मास्तर

नाही, आणि म्हणून पूर्ण मॅट्रिक्सचाही नाही. ब्लॉकचे सगळे स्तंभ मिळवा किंवा ट्रीटमेंटचे सगळे मिळवा, बेरीज एकच येते. तेव्हा एखादी ट्रीटमेंट पाया धरून तिचा स्तंभ काढतात, किंवा ट्रीटमेंटच्या परिणामांची बेरीज शून्य अशी अट घालतात. तुमचं सॉफ्टवेअर यातलं काय करतं ते त्याच्या सेटिंगमध्ये पाहावं लागेल. दोन ट्रीटमेंटमधला फरक दोन्हीकडे सारखाच येतो, सुटे आकडे बदलतात.

कपाशी_प्लॉट

आमचे गाईड एका रिपोर्टमधले सुटे आकडे दुसऱ्याशी जुळवायला लावतात. ते कधी जुळतच नाहीत. कोणता पाया धरायचा, यावर वेगळा धागा काढतो.

भूषण_वणी

सर, एक शंका. A चा इन्व्हर्स नसेल तर D घेऊन उलट बाजूने करता येईल, बरोबर? आणि चारही तुकडे सिंग्युलर असतील तर M ला इन्व्हर्स नसणारच.

वाशीमचे_मास्तर

पहिलं बरोबर. D चा इन्व्हर्स असेल तर `A − BD⁻¹C` घेऊन तेच सगळं उलट बाजूने होतं. दुसरं नाही. हे पाहा:

```
१ ० | ० ०
० ० | १ ०
---------
० १ | ० ०
० ० | ० १
```

चारही तुकड्यांचे डिटर्मिनंट शून्य आहेत. पण मधल्या दोन ओळी अदलाबदल केल्या की युनिट मॅट्रिक्स होतं, म्हणजे इन्व्हर्स आहे. हेच १ + ३ असं कापून बघा. A एकट्या १ चा, त्याचा इन्व्हर्स १, आणि S तीन बाय तीनचा, त्यालाही इन्व्हर्स आहे. म्हणजे तुकडे सिंग्युलर निघाले तर मॅट्रिक्सला दोष देण्याआधी रेघ हलवून बघावी.

अरुणावतीकाठ

मग रेघ कुठे मारायची हे आधीच कसं ओळखायचं? पेपरात रेघ मारून देतात, पण मारलेली नसेल तर?

वाशीमचे_मास्तर

शून्यांचा गठ्ठा किंवा युनिट मॅट्रिक्स कुठे दिसतं ते आधी शोधा आणि रेघ त्याच्या कडेने मारा. B किंवा C पूर्ण शून्य मिळाला तर S म्हणजे नुसता D, निम्मं काम संपलं. असं काही दिसलं नाही तर सगळ्यांना लागू पडेल असा नियम माझ्याकडे नाही. A चा डिटर्मिनंट शून्याच्या अगदी जवळ असेल, म्हणजे ०.०००१ सारखा, तर A⁻¹ चे आकडे प्रचंड मोठे होतात. M चांगला असूनही दशांश तोडता तोडता उत्तर बिघडतं. कॉम्प्युटर म्हणूनच आधी ओळी अदलाबदल करून मोठा आकडा वर आणतो. हाताने सोडवताना तुम्हीही तेवढं करू शकता. फक्त M च्या ओळी बदलल्या तर शेवटी इन्व्हर्सचे स्तंभ बदलायचे, ओळी नाही.

अरुणावतीकाठ

स्तंभ का सर? हे उद्या गाडीत बसल्यावर करून बघते, नाही जमलं तर इथेच विचारते.