लेखनिकाची रोजनिशी आणि चमकचे ताम्रपट

>> माझ्या गोष्टीत वाकाटकांच्या राजवाड्यातला लेखनिक रोजनिशीत सकाळीच शके टाकून तारीख लिहितो, तेवढं चालेल ना?

विदर्भावर राज्य केलेल्या वाकाटक राजांच्या दरबारात नाही चालणार. तिथे राजाच्या कारकिर्दीचं वर्ष लिहीत. आमच्या अचलपूरकडच्या चमक गावात शेत नांगरताना वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे ताम्रपट निघाले, त्यांवर वर्ष १८, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी एवढंच आहे. त्या दिवसावरच रोजनिशी रचा की! मधुनदीकाठचं चर्मांक गाव, म्हणजे आजचं चमक, राजाच्या मापाने ८००० भूमी एवढी जमीन, हजार ब्राह्मणांना दान. पण नावं कोरलीत जेमतेम ४९. बाकीची का नाहीत, ते ताम्रपट सांगत नाही. लेखनिकाची कुरकुर तिथेच घाला.

अजून एक. मजकुराच्या आधी 'दृष्टम्' असा शब्द येतो, म्हणजे पाहिलं, तपासलं. आपल्या तलाठ्याच्या शेऱ्यासारखंच म्हणा ना. शिवाय अक्षराच्या डोक्यावर बारकी चौकोनी पेटी असायची. तांब्यावर अशी एकेक पेटी काढायची, म्हणजे कोरणाऱ्याचा दिवस त्यातच सरला असणार. दानाला अटही होती: ब्राह्मणांनी राजद्रोह, चोरी असलं काही केलं नाही तरच जमीन टिकेल. दुपारी लेखनिकाला हेच कलम लिहायला बसवा.