मदत हवी आहे: बँक कर्ज देते तेव्हा ते कुणाच्या नावे पडतं? माझा ताळा लागत नाही

जमाखर्चवाली (शाहूपुरी), मंगळवार रात्री 10:40

मी गुळाच्या अडत पेढीवर 14 वर्षं हिशेब लिहिते. रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय घरी जात नाही. गेल्या महिन्यात दिरांनी पाचगावला 50 लाखांचा फ्लॅट घेतला. 40 लाख कर्ज मिळालं आणि ते विकणाऱ्याच्या खात्यात जमा झालं. जमा झालं म्हणजे कुठंतरी नावे पडलंच पाहिजे, म्हणजे तेवढीच रक्कम वहीत समोरच्या बाजूला लिहिली गेली पाहिजे. माझ्या आईची 6 लाखांची ठेव त्याच बँकेत आहे. पासबुक भरून आणलं, एक पैसा हललेला नाही. मग हे 40 लाख आले कुठून? बी.कॉम.ला असलेला माझा मुलगा म्हणतो, बँकेनं नवीन पैसे तयार केले. असं असेल तर महागाई का थांबत नाही आणि आमचं घर दरवर्षी का लांब जातंय, ते मला कळायला हवं. कृपया उद्या संध्याकाळपर्यंत कुणीतरी नीट सांगा.

वडणगेकर, मंगळवार रात्री 11:05

ताई, व्याजदर किती लागला? माझं घरकर्ज 2019 चं, अजून जुन्याच दरानं कापून घेतात. शाखेत जाऊन दर बदलून घ्यायचा अर्ज द्या म्हणावं दिरांना. हप्ता कमी होतो. मी चार खेपा घातल्या तेव्हा कुठं झालं.

जमाखर्चवाली, मंगळवार रात्री 11:12

दादा, माझा प्रश्न दराचा नाही. पैसे कुणाच्या नावे पडले, एवढंच विचारतेय.

सौरभ_राजारामपुरी, बुधवार सकाळी 8:20

सोपं आहे. बँकेकडे 100 रुपये ठेव आली की रोख राखीव निधी म्हणून 4 रुपये रिझर्व्ह बँकेत ठेवायचे आणि 96 कर्ज द्यायचे. ते 96 दुसऱ्या बँकेत ठेव होतात, त्यातले परत 4 टक्के बाजूला. असं फिरत फिरत 100 चे 2500 होतात. म्हणून महागाई. तुमचा मुलगा बरोबर आहे, पण बँक स्वतः काही तयार करत नाही, ठेवीच फिरवते.

निवृत्त_कर्जविभाग, बुधवार सकाळी 9:45

सौरभ, पैसा वाढतो हे तुझं बरोबर. क्रम मात्र उलटा आहे, आणि या प्रश्नात क्रमच महत्त्वाचा. मी 31 वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच कर्ज विभागात. कर्ज मंजूर करताना "आज ठेव किती आली" असं कुणी विचारत नव्हतं. घेणाऱ्याची ऐपत, तारण आणि बँकेचं भांडवल बघायचं आणि सही करायची. राखीव निधी मागच्या पंधरवड्यांच्या ठेवींवरून मोजतात, त्यामुळे त्याची सोय कर्जानंतर होते. शिवाय तुझा 4 टक्क्यांचा आकडा जुना झाला, 2025 च्या अखेरीस तो 3 वर आला. अमेरिकेत तर मार्च 2020 पासून तो शून्य आहे. तुझ्या गणितानं तिथं पैसा अनंत व्हायला हवा होता, तसा झाला नाही.

ताई, तुमची नोंद अशी आहे: कर्जदाराच्या कर्जखात्याला 40 लाख नावे, विकणाऱ्याच्या बचत खात्याला 40 लाख जमा. एवढंच. कर्जखातं हे बँकेचं येणं आणि बचत खातं हे बँकेचं देणं. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी 40 लाखांनी फुगल्या. आईंच्या ठेवीला हात लावायचं कारणच पडलं नाही. तुमचं नावे दुसऱ्या ठेवीदाराकडे नाही, दिरांच्या कर्जखात्यावर आहे.

पण तीन गोष्टी सांगा. विकणाऱ्याचं खातं त्याच बँकेत होतं का? फ्लॅट नवीन की वापरलेला? आणि कर्ज देणारी नक्की बँकच का?

गुजरी_कट्टा, बुधवार सकाळी 10:30

काय सांगालाय साहेब? एक सही मारली की 40 लाख? मग पतसंस्था बुडत्यात कशा? त्यांनीबी सही मारावी की. आमच्या गल्लीतल्या संस्थेत माझ्या मावशीचे दीड लाख अडकलेत, तीन वर्षं झाली.

जमाखर्चवाली, बुधवार दुपारी 1:50

नावे-जमा वाचून डोक्यातलं जाळं जरा सुटलं. दिरांना फोन करून विचारलं. विकणाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत होतं. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त झाला तेव्हा पे ऑर्डर हातात दिली, मी स्वतः तिथं होते. फ्लॅट नऊ वर्षांचा, वापरलेला. आणि कर्ज बँकेचं नाही, हाऊसिंग फायनान्स कंपनीचं आहे. आईची ठेव आहे त्याच बँकेतल्या दिरांच्या खात्यातून हप्ता कापला जातो म्हणून मी ती बँक धरली. काय फरक पडतो?

निवृत्त_कर्जविभाग, बुधवार दुपारी 3:15

फार फरक पडतो. हे पहिल्या पोस्टमध्ये आलं असतं तर बरं झालं असतं.

हाऊसिंग फायनान्स कंपनीला बचत खातं उघडता येत नाही. तिचे पैसे कुठल्यातरी बँकेतल्या चालू खात्यात असतात. तिनं 40 लाख दिले म्हणजे तिचं खातं 40 लाखांनी कमी झालं आणि विकणाऱ्याचं तेवढंच वाढलं. इथं तुमचं हिशेबनीसाचं मन बरोबर होतं, नावे खरंच दुसऱ्या खात्यावर पडलं. या पायरीवर नवीन पैसा झाला नाही.

गुजरी_कट्टा, तुमच्या पतसंस्थेचंही हेच. तिचं स्वतःचं खातं बँकेत असतं. तिनं दिलेलं कर्ज त्या खात्यातून जातं आणि खातं रिकामं झालं की संपलं. मावशींचे पैसे अडकले याचं मला वाईट वाटतं, पण पतसंस्थेच्या सहीनं बँकेतला पैसा तयार होत नाही.

आता एक पायरी मागं जा. कंपनीच्या चालू खात्यात पैसे आले कुठून? अशा कंपन्या बँकांकडून मोठी कर्जं घेतात आणि रोखेही विकतात. बँकेनं कंपनीला कर्ज दिलं तर नवीन पैसा त्या दिवशी तयार झाला, दिरांच्या दस्ताच्या कितीतरी आधी. रोखे लोकांना विकून पैसे आणले असतील तर जुनाच पैसा फिरला.

सौरभ_राजारामपुरी, बुधवार दुपारी 4:02

मग बँकेला मर्यादा काय? मर्जीप्रमाणे तयार करत सुटेल की.

निवृत्त_कर्जविभाग, बुधवार संध्याकाळी 5:30

चांगला प्रश्न. समजा, दिरांचं कर्ज बँकेचंच होतं आणि विकणाऱ्यानं पे ऑर्डर दुसऱ्या बँकेत भरली. तेव्हा पहिल्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून 40 लाख दुसऱ्या बँकेला द्यावे लागतात. हे पैसे ती स्वतः तयार करू शकत नाही. ठेवी ओढाव्या लागतात, नाहीतर बँका एकमेकींना रात्रीपुरते पैसे देतात त्या कॉल बाजारातून उसने घ्यावे लागतात, आणि त्याला व्याज पडतं. एकटीच भराभर कर्ज वाटत सुटलेली बँक इथं अडकते. सगळ्या बँका एकदम वाटत असतील तर मात्र एकीचं गेलेलं दुसरीकडून परत येतं आणि हा लगाम सैल पडतो.

दुसरा लगाम भांडवलाचा. किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच्या घरकर्जाला जोखीम भार 35 टक्के, म्हणजे 40 लाखांतले 14 लाखच जोखमीचे धरायचे, आणि त्यांच्या 9 टक्के भांडवल ठेवायचं. म्हणजे 40 लाखांमागं बँकेचे स्वतःचे 1 लाख 26 हजार हवेत. तेवढंच कर्ज एखाद्या फाउंड्रीवाल्याला 100 टक्के भारानं दिलं तर 3 लाख 60 हजार लागतात. बँका घरकर्जाच्या मागं का लागतात ते यातून कळतं.

तिसरा लगाम म्हणजे घेणारा माणूस. नोटाबंदीनंतर बँकांत ठेवींचा पूर आला होता, पण 2016-17 मध्ये कर्जवाढ कित्येक दशकांतली सर्वांत कमी होती. ठेवी आल्या की कर्जं आपोआप होतात, असं असतं तर हे झालं नसतं.

मिरजकर_तिकटी, बुधवार संध्याकाळी 6:10

सगळं खरं, पण पाचगावचे भाव कर्जामुळे वाढले असं म्हणू नका. पुण्यात कमावलेला पैसा आणि रोखीतला पैसा इथल्या जमिनीत येतो. आमच्या शेजारचा प्लॉट गेला, निम्मे पैसे पिशवीतून आले. ते कुठल्या बँकेनं तयार केले?

जमाखर्चवाली, बुधवार संध्याकाळी 7:25

मला तेच विचारायचं होतं. गुळाचा भाव मी रोज बघते. आवक कमी झाली की सौदा चढतो, त्यात कुणाच्या कर्जाचा संबंध दिसत नाही. मग महागाईला कर्ज जबाबदार म्हणायचं की नाही?

निवृत्त_कर्जविभाग, बुधवार रात्री 8:50

कर्ज कशावर गेलं त्यावर अवलंबून आहे. गुऱ्हाळवाल्यानं कर्ज काढून नवीन चरक आणि काहिली घेतली तर पैसा वाढला, पण पुढच्या हंगामात गूळही वाढला. भावावर ताण येईलच असं नाही. बँकेचं कर्ज काढून दिरांसारखा वापरलेला फ्लॅट घेतला तर पैसा वाढतो आणि फ्लॅट तेवढेच राहतात. ताण थेट किमतीवर. आणि महागाईच्या निर्देशांकात घरभाडं मोजतात, घराची किंमत मोजत नाहीत. म्हणून घर लांब जातं आणि पेपरात महागाई आटोक्यात असल्याचं छापून येतं. दोन्ही खरं असतं.

आकड्यांत बघा. 40 लाख, 20 वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता साधारण 34,700. दर साडेसात झाला तर त्याच हप्त्यात 43 लाख मिळतात. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसने पैसे देते तो रेपो दर 2025 मध्ये 6.5 वरून 5.25 वर आला, म्हणजे सवा टक्का. पगार तोच, पण प्रत्येक घेणाऱ्याच्या हातात तीन लाख जास्त, आणि सगळे त्याच इमारतीतल्या त्याच फ्लॅटांवर बोली लावणार. मग एखादा 55 ला जातो. पुढच्या घेणाऱ्याचा मूल्यांकनकार तोच दस्त पुरावा म्हणून लावतो, आणि 80 टक्क्यांनी 44 लाख मंजूर होतात. किमतीनं कर्ज वाढलं आणि कर्जानं किंमत. जपानमध्ये 1980 च्या दशकात जमिनीचं हेच झालं. पुढं भाव कोसळले तेव्हा तारण कमी पडलं आणि बँका वर्षानुवर्षं त्यात रुतून बसल्या.

मिरजकर, पिशवीतले पैसे खरे आहेत, तुमचं म्हणणं मी खोडत नाही. पाचगावच्या भावात कर्जाचा वाटा किती आणि बाहेरच्या पैशाचा किती, हे कोल्हापुरात बसून कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण पिशवीवाल्याशी स्पर्धा करताना पगारदार माणूस कर्ज वाढवूनच उभा राहतो.

मिरजकर_तिकटी, बुधवार रात्री 9:20

तरीही मी म्हणेन, आधी भाव वाढले आणि मग लोकांनी मोठी कर्जं काढली. तुम्ही म्हणता तसं उलटं नाही.

गुजरी_कट्टा, बुधवार रात्री 9:35

सोन्याचंबी बगा की. भाव वाढला की त्याच बांगड्यांवर जास्त तारणकर्ज मिळतंय. बायका त्यातनंच लग्नं उरकालाय.

जमाखर्चवाली, बुधवार रात्री 10:55

साहेब, तुमच्या नोंदी मी वहीत मांडल्या. बँकेचं एक पान, कंपनीचं एक, विकणाऱ्याच्या बँकेचं एक. तिन्ही जुळली, मनापासून आभार. मुलगाही शेजारी बसून बघत होता, त्याला अर्धंच माहीत होतं.

एक राहिलं. दीर हप्ता भरतात तेव्हा उलटी नोंद होणार, म्हणजे त्यांच्या बचत खात्याला नावे आणि कर्जखात्याला जमा. दोन्हीकडून रक्कम गेली. मग तो पैसा कुणाकडे गेला?

निवृत्त_कर्जविभाग, बुधवार रात्री 11:20

कर्ज बँकेचं असेल तर मुद्दलाचा भाग कुणाकडेच जात नाही. नोंदीनं आला होता, नोंदीनं संपला. व्याज मात्र बँकेचं उत्पन्न, त्यातून आईंच्या ठेवीचं व्याज आणि माझ्यासारख्यांचे पगार निघतात, ते परत लोकांच्या खात्यांत येतं. दिरांच्या बाबतीत हप्ता कंपनीच्या खात्यात जमा होतो. कंपनी तिचं बँकेचं कर्ज फेडेल त्या दिवशी तो पैसा पुसला जाईल.

जमाखर्चवाली, बुधवार रात्री 11:31

म्हणजे सगळ्यांनी एकदम फेडायला घेतलं तर बाजारातला पैसाच आटेल? आमच्या पेढीवर दिवाळीनंतर शेतकऱ्यांची उचल वसूल होते, तेव्हा बाजारपेठेत असाच शुकशुकाट असतो. त्याचा आणि याचा संबंध आहे का? उद्या पेढीवरची वही बघून आकडे टाकते.