शब्दचर्चा : ‘तटस्थ’ संहिता म्हणजे नेमकी कशी?

घंटागाडीवाले मास्तर

आमच्या गावात नगरपरिषदेची निवडणूक आहे. कचरा न्यायला येणाऱ्या घंटागाडीच्या भोंग्यावर मतदान कसं करायचं ते सांगणारी दीड मिनिटाची ध्वनिफीत लावायची आहे, आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मागच्या विधानसभेची संहिता घेऊन थोडी रंगवली. कार्यालयातून ती परत आली आणि समासात पेन्सिलीने एकच ओळ होती : ‘शब्द तटस्थ करावेत.’ कोणते शब्द, ते काही लिहिलेलं नाही. मी एकाही पक्षाचं नाव घेतलेलं नाही. संहिता अशी आहे :

“चहाची कपबशी ठेवा खाली, मतदानाची वेळ झाली! लोकशाहीची मशाल हाती घ्या, विकासासाठी घराबाहेर या. केंद्रात गेलात की एकच बटण दाबा. समजा, तुम्ही दुसरं बटण दाबलंत, तर त्यापुढे लाल दिवा लागेल. सात सेकंद चिठ्ठी बघा. शिट्टी वाजली की झालं मतदान. कोणीच पसंत नसेल तर नोटा दाबा. पण मत वाया घालवू नका, योग्य उमेदवारालाच निवडा.”

तर मंडळी, यात तटस्थ काय नाही?

अनुस्वार

आधी शेऱ्यातलाच शब्द तपासू. तट म्हणजे काठ, तटस्थ म्हणजे काठावर उभा राहिलेला, प्रवाहात न उतरणारा. सभागृहात ठरावावर मतदान होतं तेव्हा ‘अमुक सदस्य तटस्थ राहिले’ असं आपण म्हणतो, म्हणजे त्यांनी मतच दिलं नाही. तुमची फीत तर लोकांना पाण्यात उतरा म्हणून सांगते आहे. इथे हवा असलेला शब्द ‘निःपक्षपाती’. ‘निःपक्ष’ही चालेल, पण उच्चारात तो ‘अपक्ष’च्या फार जवळ जातो, आणि अपक्ष हा तर उमेदवाराचा प्रकार झाला.

नाना सोलापूरकर

मास्तर, सोपं आहे. तुम्ही मशाल म्हणालात, ते एका पक्षाचं चिन्ह. ‘हाती घ्या’ म्हणालात, हात दुसऱ्याचं. ते दोन काढा, झालं. आणि माझं ऐका, ‘हात’ हा शब्द मतदानाच्या जाहिरातीत पूर्णच बाद करा.

निवृत्त केंद्राध्यक्ष

नानांचं अर्धं बरोबर आहे. ‘हात’ बाद केला तर शाई कुठे लावतात ते कसं सांगणार? डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. शरीराचा अवयव म्हणून हात आला तर त्यात कोणाचा प्रचार होत नाही. वाक्यातलं क्रियापद चिन्हावर जाऊन बसतं तेव्हा घोटाळा होतो. ‘मशाल घ्या’, ‘मशाल पेटवा’, ‘तुतारी फुंका’, ‘घड्याळाकडे लक्ष ठेवा’, ‘इंजिन रुळावर आणा’ हे सगळे आज्ञार्थ आहेत, आणि भोंग्यावरून आलेल्या आज्ञेतलं ऐकणाऱ्याला पहिलं नामच लक्षात राहतं. मराठीतल्या निम्म्या आवेशाच्या वाक्प्रचारांवर कोणा ना कोणाचं चिन्ह बसलेलं आहे, त्याला आपला इलाज नाही.

पण मास्तर, तुमच्या संहितेतली खरी अडचण मशाल नाही, कपबशी आहे. नगरपरिषदेला अपक्ष भरपूर असतात आणि त्यांना मुक्त चिन्हांतून चिन्ह मिळतं. कपबशी, शिट्टी, छत्री, गॅस सिलिंडर ही त्यातली नेहमीची. एखाद्या प्रभागात कोणाला कपबशी मिळाली, तर नगरपरिषदेची गाडी रोज सकाळी त्याच्या दारात येऊन ‘कपबशी ठेवा खाली’ म्हणणार. आणि ज्याला शिट्टी मिळाली त्याच्याबद्दल ‘शिट्टी वाजली की झालं मतदान’. तो खूष, बाकीचे तक्रार घेऊन हजर.

म्हणून पद्धत अशी ठेवा. अर्ज माघारी घेण्याची मुदत संपून चिन्हवाटप झालं की सगळ्या प्रभागांतल्या उमेदवारांच्या चिन्हांची यादी मागून घ्या. ती शेजारी ठेवून संहिता मोठ्याने वाचा. यादीतलं नाम संहितेत सापडलं की ते वाक्य मोडा. त्याआधी ध्वनिमुद्रण करू नका.

घंटागाडीवाले मास्तर

कपबशीचं यमक माझं लाडकं होतं हो. पण पटलं. ‘हातचं काम ठेवा खाली’ करू का?

नाना सोलापूरकर

पुन्हा हात!

दादरची मुलगी

चिन्हाचं मराठी नाव कसं छापलं यावरून केवढं रामायण होतं ते 2024च्या लोकसभेला दिसलं. एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि अपक्षांना मिळणाऱ्या ट्रम्पेटचं मराठी नाव मतपत्रिकेवर ‘तुतारी’ असं आलं. साताऱ्यात त्या ट्रम्पेटवाल्या अपक्षाला पडलेली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. ती सगळी चुकूनच पडली असं कोणी सिद्ध करू शकत नाही, पण एका भाषांतरित नामावर इतका वाद मी तरी आधी पाहिला नव्हता. ट्रम्पेटला ‘पिपाणी’ म्हटलं असतं तर?

अनुस्वार

पिपाणी वेगळी, ट्रम्पेट वेगळं, तुतारी तर तिसरंच वाद्य. पण तो धागा वेगळा काढू या, इथे मास्तर अडून बसलेत.

शेवंता

माझा प्रश्न थोडा निराळा आहे. 2017 ला पुण्यात महापालिकेच्या वेळी माझ्या सासूबाई एक बटण दाबून बाहेर आल्या. केंद्रावरच्या बाईंनी हाक मारली, “आजी, अजून तीन राहिलीत!” सासूबाई ठामपणे म्हणाल्या, “एका माणसाचं एकच मत असतं, गाडीवर सांगत होते.” मास्तर, तुमच्याही फितीत ‘एकच बटण’ आहे. तुमच्याकडे एकच मत आहे का?

निवृत्त केंद्राध्यक्ष

शेवंताताई, तुम्ही नेमकं पकडलंत. मास्तरांनी विधानसभेची संहिता उचलली तिथेच हे शिरलं. नगरपरिषदेला थेट नगराध्यक्षाचं एक मत आणि प्रभागात जितक्या जागा तितकी मतं. बहुतेक प्रभागांत दोन जागा असतात, म्हणजे एकूण तीन. त्यामुळे ‘एकच बटण’ हे चूक तर आहेच, शिवाय निःपक्षपातीही नाही. एकच दाबायचं असं ज्याने ऐकलं तो बहुधा नगराध्यक्षाची मतपत्रिका गाठेल आणि प्रभागाचे उमेदवार उपाशी राहतील. ‘प्रत्येक जागेसाठी एक बटण’ असं म्हणा.

दुसरं, स्थानिक निवडणुकीच्या यंत्राला आपल्याकडे व्हीव्हीपॅट जोडलेलं नसतं. सात सेकंद चिठ्ठी दिसते ती लोकसभा-विधानसभेला. तुम्ही ‘चिठ्ठी बघा’ म्हणालात तर लोक आत उभे राहून चिठ्ठी शोधतील, आणि न दिसल्यावर मत कुठे गेलं म्हणून विचारतील. केंद्राध्यक्ष म्हणून असल्या प्रश्नाला मी सकाळपासून तोंड दिलेलं आहे. ते वाक्य काढा. आवाजाचंही तसंच. तो सगळ्या जागांची मतं नोंदवून झाल्यावर येतो, एकेका बटणाला नाही. त्याला शिट्टी म्हणू नका, ‘लांब आवाज’ म्हणा.

‘समजा, तुम्ही दुसरं बटण दाबलंत’ हेही जाऊ द्या. तुमच्या दृष्टीने ते उदाहरण आहे, पण त्या दिवशी दुसऱ्या क्रमांकावर कोणीतरी खराखुरा माणूस असणार. ‘ज्या नावासमोरचं बटण दाबाल, त्या नावासमोर लाल दिवा लागेल’ यात कोणताच क्रमांक येत नाही.

अनुस्वार

आता सगळ्यात गमतीचं. ‘नोटा दाबा’. कागदावर ठीक आहे, पण ही फीत ऐकायची आहे. मराठी कानाला ‘नोटा’ म्हणजे नोट या शब्दाचं अनेकवचन. निवडणुकीच्या हंगामात नगरपरिषदेची गाडी दारोदार ‘नोटा दाबा’ म्हणत फिरणार! आणि नोटा दाबणं म्हणजे काय, ते मी समजावून सांगायला नको.

दादरची मुलगी

हसून हसून पुरेवाट. ‘नोटाचं बटण’ म्हटलं तर जरा कमी वाईट वाटेल का? निदान अनेकवचन मोडतं.

नाना सोलापूरकर

ते राहू द्या, नोटाबद्दल लोकांना खरी ताकद सांगा की. सगळ्यांपेक्षा नोटा जास्त झाल्या तर निवडणूक पुन्हा होते.

निवृत्त केंद्राध्यक्ष

कुठली निवडणूक, त्यावर आहे नाना. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013च्या निकालानंतर हे बटण आलं, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक संस्थांपुरता आदेश काढला, त्यात फेरनिवडणूक आहे. आणि तिथेही नोटाच पुढे राहिली, तर उमेदवारांत पहिला असेल तो विजयी. हे सगळं दीड मिनिटात बसवायला गेलात तर फीत नोटाची जाहिरात वाटू लागेल. बटण आहे आणि ते प्रत्येक मतपत्रिकेत सर्वांत खाली आहे, एवढं पुरे.

आणि मास्तर, नोटाच्या लगेच पुढे ‘पण मत वाया घालवू नका’ असं का लिहिलंत? त्या ‘पण’ने नोटावर मत वाया जातं असा निकालच देऊन टाकला. ‘वाया’ हा शब्द लहान पक्षांच्या उमेदवारांविरुद्धही सर्रास वापरतात, ‘तो कुठे येणार आहे, मत वाया जाईल’. सरकारी भोंग्यावर तो नकोच.

शेवंता

‘योग्य उमेदवार’ मलाही खटकतो. योग्य कोण हे गाडी कशाला सांगते? ‘विकासासाठी’ तर आमच्याकडे एका पॅनलचं नावच आहे.

घंटागाडीवाले मास्तर

पॅनलचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याकडेही ‘विकास आघाडी’ आहे! बसून नवीन लिहिलं, बघा :

“नमस्कार. मतदानाच्या दिवशी ओळखपत्र घेऊन आपल्या मतदान केंद्रावर या. यादीत नाव पाहून डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतील. आपल्याला एक मत नगराध्यक्षासाठी द्यायचं आहे आणि आपल्या प्रभागातल्या प्रत्येक जागेसाठी एकेक मत द्यायचं आहे. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी आहे. ज्यांना मत द्यायचं त्यांच्या नावासमोरचं बटण दाबा, तिथे लाल दिवा लागेल. एखाद्या जागेसाठी कोणालाच मत द्यायचं नसेल, तर त्या मतपत्रिकेतलं सर्वांत खालचं बटण दाबा. सगळ्या जागांची मतं झाली की लांब आवाज येईल. आपण कोणाला मत दिलं, हे कोणालाही सांगण्याची गरज नाही.”

‘नोटा’ हा शब्दच टाळला. जमलंय का?

दादरची मुलगी

स्वच्छ आहे. पण आत गेल्यावर मतपत्रिकेवर ‘नोटा’ दिसलं, तर फितीतलं ‘सर्वांत खालचं बटण’ तेच, हे प्रत्येकाला कळेल का? मला शंका आहे.

अनुस्वार

मला शब्द ठेवावासा वाटतो. ‘कोणीही नाही, म्हणजे नोटा, असं लिहिलेलं सर्वांत खालचं बटण’. लांबतं, पण नोटांचा अर्थ मध्ये यायला जागा राहत नाही. तो पडला, ती पडली की त्या पडल्या, हे मात्र मी अजून ठरवू शकलेलो नाही. वर केंद्राध्यक्षांनी ‘नोटाच पुढे राहिली’ लिहिलंय आणि नानांनी ‘नोटा जास्त झाल्या’.

निवृत्त केंद्राध्यक्ष

आम्ही मतमोजणीला ‘नोटाला इतकी’ म्हणून सुटायचो. मास्तर, संहिता ठीक आहे. ‘प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळी’च्या पुढे ‘रंगही वेगळा’ घाला, म्हाताऱ्या माणसांना रंग लवकर कळतो. आणि अजून चिन्हवाटप झालेलं नाही ना? मग थांबा.

नाना सोलापूरकर

‘डाव्या’ हाताची म्हणताय, त्यावर कोणी डाव्या पक्षांचा आक्षेप घेतला तर?

घंटागाडीवाले मास्तर

नाना, आता तुम्हीच या आणि गाडीवर बसा.