दुकानदाराला किट आणि मॅच बॉल मागायचं पत्र: असं लिहिलं तर चालेल का?

लेफ्ट_आउट
कुही तालुक्यातल्या आमच्या गावचा फुटबॉल क्लब आहे. 26 जानेवारीच्या स्पर्धेत उतरायचं आहे. उमरेड रोडवरच्या एका कृषी केंद्राच्या शेठजींना द्यायला हे पत्र लिहिलं:

"महोदय, आमचे मंडळ युवकांना व्यसनापासून दूर ठेवण्याचे कार्य करीत आहे. खेळाडू गरीब शेतकरी कुटुंबांतील असून त्यांच्याकडे खेळाचे साहित्य नाही. तरी आपण उदार अंतःकरणाने किट व मॅच बॉल यांकरिता 25,000 रुपयांचे सहकार्य करावे. आपले नाव जर्सीवर छापण्यात येईल."

क्लबातले दोघं म्हणतात ही भीक आहे, बाकीचे म्हणतात सगळे असंच लिहितात. तुमचं मत सांगा. कोणी दुकानदार असेल तर त्यानं मोकळेपणानं बोलावं.

गल्ल्यावरून
माझंही कृषी केंद्रच आहे, तालुका वेगळा. गणपती, शारदा, सप्ताह, कबड्डी, सगळ्यांची पत्रं गल्ल्याखालच्या एकाच ड्रॉवरमध्ये जातात आणि सगळ्यांत "उदार अंतःकरण" असतं. पत्र मी पुरतं वाचतच नाही, आकडा शोधतो. 25,000 दिसलं की पावतीपुस्तक मागून 501 फाडतो आणि चहा पाजून पाठवतो. पोरं नाराज होतात, पण मला तो आकडा कशाचा आहे तेच कळलेलं नसतं.

दुसरं म्हणजे येण्याची वेळ. जून-जुलैत बियाणं-खताच्या गर्दीत कोणी पत्र घेऊन उभा राहिला तर मी वर मानही करत नाही. माझा पैसा तेव्हा गावागावांत उधारीवर अडकलेला असतो. सोयाबीन, कापूस विकला जाऊन वसुली सुरू झाली की मग बोला. तुमची स्पर्धा जानेवारीत आहे म्हणजे दिवाळी झाल्यावर या, डिसेंबर उजाडू देऊ नका.

धावपट्टी
किट 25 हजारात बसणार नाही भाऊ. दोन बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट धरलं तरी वर जातं. आणि लेदर बॉल एक मागून काय होतं? गावच्या पिचवर दोन डावांत शिवण उसवते. टेनिस बॉलवरच खेळा, डझन मागा.

लेफ्ट_आउट
@धावपट्टी, फुटबॉल आहे दादा.

धावपट्टी
अरे हो. मॅच बॉल वाचलं आणि सुटलो. पण मग शेठजीही तेच समजतील की. पत्रात "फुटबॉल" कुठंच नाही लिहिलेलं.

शिट्टी
धावपट्टीनं नकळत बरोबर जागी बोट ठेवलं. मी जिल्ह्यातल्या स्पर्धांत रेफरी म्हणून उभा राहतो. "किट" म्हणजे काय काय हे पत्रात लिहायलाच हवं, कारण उद्या मैदानावर मी तेच तपासणार आहे. जर्सी, शॉर्ट, स्टॉकिंग, शिनगार्ड, बूट. शिनगार्ड नसलेल्या पोराला मी आत घेत नाही, नियमच आहे तो. गोलकीपरची जर्सी वेगळ्या रंगाची लागते, आपल्या संघापेक्षा वेगळी आणि समोरच्यांपेक्षाही. गावचे संघ सोळाही जर्सी एकाच रंगाच्या शिवून आणतात, मग कीपर कोणाचा तरी जुना टी-शर्ट चढवतो आणि शेठजींचं नाव नेमकं फोटोच्या मधोमध उभ्या माणसाच्या छातीवर नसतं.

म्हणून ऑर्डर अशी द्या: चौदा एका रंगाच्या, दोन कीपरच्या. पाठीवर नंबर. साइज आधी पोरांकडून लिहून घ्या, "सगळे एल" असं चालत नाही.

लेफ्ट_आउट
आज सीताबर्डीतून भाव काढला. सब्लिमेशन प्रिंटची जर्सी आणि शॉर्ट मिळून 430. स्टॉकिंग 90 रुपये जोडी. हाताने शिवलेला पाच नंबरचा बॉल 1,400. शिनगार्ड साधे 150 जोडी. आमच्या 25,000 मध्ये बूट आणि सरावाचे बॉलही धरले होते.

हिशेबनीस
मग मांडा की. सोळा जर्सी-शॉर्ट 6,880. सोळा जोडी स्टॉकिंग 1,440. झाले 8,320. बॉल धरून 9,720. शिनगार्ड अकरा जोड्या 1,650, ते क्लबनं घ्यावेत. बूट ज्याचे त्यानं. आता शेठजींपुढे 25 हजारांचा गोळा नाही, दोन वस्तू आहेत, आणि एक नाही तर दुसरी द्यायची वाट त्यांना मोकळी आहे. ज्याला आठ हजार जड जातात तो बॉल देऊन टाकतो.

आणि पैसे हातात मागूच नका. दोन दुकानांची कोटेशन पत्राला जोडा. बिल शेठजींच्या फर्मच्या नावानं, पैसे त्यांनी थेट जर्सीवाल्याला द्यायचे. तुमच्या हातात रुपया आला नाही की "खाल्ले" म्हणायला कोणी उरत नाही.

कॉर्पोरेट_भाऊ
एवढ्या छोट्या गोष्टी करण्यापेक्षा सीएसआरमध्ये मागा ना. दुकानदारालाही टॅक्समध्ये सूट मिळते, पत्रात तसं लिहा म्हणजे लगेच देतील.

हिशेबनीस
@कॉर्पोरेट_भाऊ, अर्धं बरोबर आहे. सीएसआरचं बंधन कंपन्यांना, तेही 500 कोटी नेटवर्थ, 1,000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यातलं एक तरी असेल तेव्हा. उमरेड रोडवरच्या कृषी केंद्राला ते लागू नाही. "देणगी" म्हणून सूट हवी तर घेणारी संस्था 80जी ची नोंदणी असलेली लागते, आणि गावच्या मंडळांकडे बहुधा साधी संस्था म्हणूनही नोंदणी नसते.

पण दुकानाचं नाव जर्सीवर आहे, बिल फर्मच्या नावानं आहे, तर तो जाहिरातीचा खर्च म्हणून वहीत दाखवता येतो. एका दिवसात एकाच माणसाला 10,000 च्या वर रोख देऊ नये, नाहीतर तो खर्च आयकरात धरत नाहीत. म्हणून ऑनलाइन किंवा चेकनं. बिलावरच्या जीएसटीची क्रेडिट मिळते का यावर आमच्याच ऑफिसात दोन मतं आहेत. फुकट वाटलेल्या वस्तूवर मिळत नाही असा नियम आहे, पण ही भेट की जाहिरात यावर घोडं अडतं. पत्रात "टॅक्स वाचेल" असं अजिबात लिहू नका. त्यांचा सीए बघेल.

गल्ल्यावरून
जाहिरात-बिहिरात ठीक आहे, पण खरं सांगू का? जर्सीवर नाव वाचून माझ्याकडे आजवर एक पिशवी जास्तीची गेली नाही. गिऱ्हाईक येतं ते उधारीवर आणि ओळखीवर. मी देतो ते कशासाठी, तर त्या संघातल्या चार पोरांचे बाप माझं खातं चालवतात म्हणून. पत्रात खेळाडूंची नावं बापाच्या नावासकट आणि गावासकट लिहा. ते मी नक्की वाचतो.

जुना_गोली
हेच मला पटत नाही. बापाच्या खात्याचं ओझं घेऊन पोरानं खेळायचं? उद्या बापानं दुसऱ्या दुकानातून खत घेतलं तर जर्सी परत मागणार का?

आमच्या वेळी घरटी वर्गणी काढून जर्सी घेतली. आपल्या पैशाची होती म्हणून जपली. आता फुकटची मिळाली की दोन महिन्यांत ती जर्सी घालून पोरगा फवारणीला जाऊन राहिला असतो. मंडळानं आधी आपल्या खिशात हात घालावा.

गल्ल्यावरून
@जुना_गोली, परत कोण मागतं काका. ओळख बघून देणं आणि ओझं टाकणं यात फरक आहे. पण खिशात हात घालायचं बोललात ते लाख मोलाचं. "शिनगार्ड आम्ही आमच्या वर्गणीतून घेतले, 1,650 रुपये" हे वाक्य पत्रात दिसलं तर माझा हात सैल सुटतो.

मौदा_साइडबॅक
आमचं ऐका. आम्ही दुकानदाराच्या भानगडीत पडलोच नाही, एका इच्छुक नेत्यानं पूर्ण संघाला जर्सी दिल्या. पुढून त्यांचा फोटो, मागून वाढदिवसाच्या शुभेच्छा, नंबर बोटाएवढा. स्पर्धेच्या तोंडावर आचारसंहिता लागली आणि आयोजकांनी ती जर्सी घालूच दिली नाही. शेजारच्या गावाच्या घामट जर्सी उसन्या घेऊन खेळलो. दुकानदारच बरा.

रंगारी
जर्सी छापतो, म्हणून एक धंद्याची गोष्ट. शेठजींचं नाव कसं घेणार? पोरं दुकानाच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात. तो छातीवर मोठा केला की धुरकट येतो. पाटी ज्यानं बनवली त्याच्याकडून सीडीआर फाईल मागा, आणि अक्षरं कर्व्हमध्ये बदलून द्यायला सांगा. नाहीतर माझ्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. "केंद्र" चा अनुस्वार भलतीकडे आणि र खाली पडलेला, असं छापून गेलेलं मी पाहिलं आहे. छापण्याआधी नमुना शेठजींना व्हॉट्सॲपवर दाखवा, त्यांचं "ओके" लेखी घ्या. सब्लिमेशन कापडात मुरतं, पुन्हा खोडता येत नाही. 26 जानेवारीआधी आमच्याकडे झुंबड असते, ऑर्डर डिसेंबरातच द्या.

शिट्टी
बॉलबद्दल कोणी बोललंच नाही. कुहीकडची मैदानं मुरमाची. चांगल्या मॅच बॉलचं वरचं पीयू त्यावर रोज घासलं तर महिनाभरात सोलपटतं आणि स्पर्धेच्या दिवशी बॉल पाणी पितो, जड होतो. पाच नंबरच्या बॉलचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर आणि वजन 410 ते 450 ग्रॅम हवं. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं तरी कळतं. सरावाला रबराचा मोल्डेड बॉल क्लबनं स्वतः घ्या, मॅच बॉल पिशवीतून फक्त मॅचला काढा. सोबत पंप आणि दोन सुया मागा. सुई कोरडी खुपसली की व्हॉल्व्ह फाटतो आणि 1,400 रुपये तिथंच गेले, आधी ओली करायची.

लेफ्ट_आउट
नवीन मजकूर असा केला:

"आमचा फुटबॉल संघ 26 जानेवारीच्या स्पर्धेत खेळणार आहे. सोळा खेळाडूंची नावे व गावे सोबत जोडली आहेत. शिनगार्ड व सरावाचा बॉल आम्ही वर्गणीतून घेतले आहेत. आपणांस विनंती की पुढीलपैकी जे शक्य असेल ते द्यावे: (1) सोळा जर्सी, शॉर्ट व स्टॉकिंग, 8,320 रुपये; (2) एक मॅच बॉल, 1,400 रुपये. कोटेशन जोडले आहे. बिल आपल्या फर्मच्या नावे होईल व रक्कम आपण थेट दुकानास द्यावी. जर्सीच्या छातीवर आपल्या केंद्राचे नाव असेल, नमुना छापण्याआधी आपणांस दाखवू. साहित्य क्लबच्या नोंदवहीत राहील."

पंप आणि सुया 1,400 मध्येच द्यायला बॉलवाला तयार झाला. बापाचं नाव टाकलं नाही, फक्त गाव टाकलं. क्लबात त्यावरून अजून वाद सुरू आहे.

गल्ल्यावरून
टाका म्हणतो मी. एका गावात एकाच आडनावाची दहा घरं असतात, मला कळणार कसं?

जुना_गोली
नका टाकू. आणि "नोंदवहीत राहील" म्हणजे कोणाच्या घरी राहील ते लिहा. स्पर्धेच्या सकाळी बॉल ज्याच्या घरी आहे तोच नेमका लग्नाला गेलेला असतो.