अनुभव धागा : तुमच्या वॉचमनचं, लिफ्टमनचं नाव काय?

गच्चीवाली
गेल्या आठवड्यात आमच्या गेटवरच्या काकांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "मॅडम, माझं नाव पवार नाही." आठ महिने मी रोज सकाळी स्कूटर काढताना "काय पवारकाका, चहा झाला का" म्हणत होते! शर्टावर पाटी तीच आहे ना. तर तो शर्ट आधीच्या गार्डचा, तो सोडून गेला, एजन्सीने शर्ट यांना दिला आणि पाटी तशीच राहिली. नवा युनिफॉर्म मागितला तर पगारातून पैसे कापतात म्हणून यांनी मागितलाच नाही. खरं नाव लोखंडे. म्हटलं अहो मग इतके दिवस बोलला का नाहीत, तर म्हणे "अख्ख्या सोसायटीत तुम्ही एकट्याच नावाने हाक मारत होता, म्हटलं असू दे." आता दुसऱ्या साइटवर बदली होतेय, म्हणून जाता जाता सांगितलं.
मला हसूही आलं आणि लाजही वाटली. म्हणून हा धागा. तुम्ही नावाने बोलता का, त्याने काय फरक पडला, कुठे फसलं, ते लिहा. "माणुसकी जपा" टाइप नको प्लीज, घडलेलं लिहा.

बी विंग ७०४
आमच्याकडे उलटं आहे. गार्ड रोज माझंच नाव विचारतो. सहा वर्षं राहतोय इथे. ॲपवर एन्ट्री, ओटीपी, आणि सासरे आले तर वीस मिनिटं उन्हात उभे. यावर काय करायचं ते सांगा आधी.

गच्चीवाली
@बी विंग ७०४ धागा तो नाही हो, पण तुम्ही त्याचं नाव कधी विचारलंय का?

बी विंग ७०४
दर दोन महिन्यांनी नवीन माणूस असतो. कुणाकुणाचं विचारू?

माजी सेक्रेटरी
७०४ म्हणतात ते खरं आहे आणि त्यात गार्डचा दोष नाही. मी चार वर्षं सेक्रेटरी होतो, ठाण्याला. एजन्सी माणूस मुद्दाम फिरवते. कारण सांगतात की ओळखी झाल्या की गार्ड ढिला पडतो, नियम वाकवतो. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच, की दुसऱ्या साइटवर कोणी तरी सोडून गेलेला असतो आणि खड्डा बुजवायला आपला उचलतात. सोडून का जातात, तर बारा तासांची ड्यूटी, सकाळी आठ ते रात्री आठ. रिलिव्हर आला नाही की तोच माणूस रात्रीही थांबतो, म्हणजे सलग चोवीस तास, त्याला डबल म्हणतात. सोसायटी माणशी जे बिल भरते त्यातलं हातात किती पडतं हे आपण विचारतच नाही. मी विचारलं होतं. आम्ही माणशी २१ हजार देत होतो, त्याच्या हातात साडेबारा.
नाव लक्षात ठेवायची माझी साधी पद्धत. सकाळी आठला जाणारा आणि येणारा दोघंही केबिनपाशी असतात, रजिस्टर आणि चाव्या एकमेकांना देत असतात. पाच मिनिटं आधी जायचं आणि जुन्यालाच विचारायचं, "हे कोण नवीन?" तोच ओळख करून देतो. पाटी वाचायची नाही, ती चूक मीही केलीय. एजन्सीने फोटोचं आयकार्ड द्यायचं असतं, २००५ च्या कायद्यातच आहे ते. ते असलं तर त्यावर बघा, शर्टावर नाही.

पाऊसवेडा
माझा अनुभव जरा वेगळा आहे आणि अजून त्याचं काय करायचं कळलेलं नाही.
पुण्यात आमची सोसायटी उताराच्या तळाशी आहे, बेसमेंट पार्किंग. दोन वर्षांपूर्वी रात्री अडीचला पाऊस असा कोसळला की रॅम्पवरून पाणी आत यायला लागलं. नाइटला दुबे म्हणून एक जण होता, बिहारचा, पंचविशीतला. मी रात्री उशिरा येतो, त्यामुळे त्याच्याशी रोज दोन वाक्यं व्हायची, "क्या दुबेजी, खाना हुआ?" एवढंच. एकदा गाडीचे लाइट चालू राहिले होते तेव्हा तो इंटरकॉमवर शोधत बसला, म्हणून मी त्याला माझा नंबर दिला. गार्डला आपण बहुतेक गाडीच्या नंबराने नाहीतर फ्लॅटच्या नंबराने माहीत असतो, पण कोणती गाडी कोणत्या माणसाची आणि त्याचा फोन काय, ही जोडणी त्याच्याकडे नसते. माझ्यासारख्या तिघाचौघांची होती.
त्या रात्री इंटरकॉम बंद पडला. दुबेने ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले, चार गाड्या निघाल्या. मग मी आणि अजून एक जण जिने चढून बेल वाजवत सुटलो, त्यात आणखी सहासात निघाल्या. उरलेल्यांत सीटच्या वरपर्यंत पाणी. सकाळी लोक दुबेवर चिडले, "आम्हाला का नाही सांगितलं?" एक काकू तर म्हणाल्या, यांचं साटंलोटं आहे. एजन्सीने त्याला आठवड्यात हलवला.
म्हणजे मी त्याच्याशी नीट बोलायचो म्हणून माझी गाडी वाचली आणि त्याच कारणाने त्याला जावं लागलं.

माजी सेक्रेटरी
@पाऊसवेडा तुमच्या काकू चुकीचं बोलल्या पण प्रश्न बरोबर होता. केबिनमध्ये काचेखाली फ्लॅट, गाडी, फोन अशी यादी हवी होती. ती नव्हती ही कमिटीची चूक. जीव वाचणं, गाडी वाचणं हे गार्डशी गोड बोलण्यावर अवलंबून असता कामा नये.

अर्धा कप
बरोबर, पण यादी असली तरी अडीच वाजता तीस फोन लावायची इच्छा कुठून येणार? पगारातून? 🙂

तिसरा मजला
माझे वडील लिफ्टमन होते. फोर्टमधली जुनी दगडी बिल्डिंग, खाली ऑफिसं आणि वर चार मजले राहणारे. ३१ वर्षं तीच लिफ्ट. ज्यांनी जाळीची लिफ्ट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन जाळ्या असतात, एक लिफ्टची आणि एक त्या मजल्याची, दोन्ही पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. कोणी चौथ्यावर उतरून जाळी अर्धवट सोडली की संपलं, बाबा चार मजले जिने चढून जाळी लावून येणार. दिवसातून पाचसहा वेळा. खालून लोक शाफ्टमध्ये तोंड घालून ओरडायचे, "लिफ्टमऽन!"
बाबांचं म्हणणं असं की हाक कशी मारतो त्यावरून माणूस जाळी लावेल की नाही ते कळतं. "लिफ्टमन" म्हणणारे सोडून जातात, "विठोबा" म्हणणारे लावून जातात. गंमत म्हणजे त्यांनाही लोकांची नावं सगळी माहीत नव्हती. ते घरी आम्हाला सांगायचे "आज पाचव्याची मुलगी पास झाली", "दुसरा आजारी आहे". माझा आयडी तिथूनच आला.
एक म्हातारे पारशी गृहस्थ होते, सकाळ संध्याकाळ "केम विठोबा" केल्याशिवाय लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. त्यांच्या काठीचा आवाज बाहेरच्या पायऱ्यांवर आला की बाबा लिफ्ट धरून ठेवायचे, अर्धा पाऊण मिनिट. तोवर वरून ऑफिसवाले बेल दाबतायत. एकदा त्याबद्दल लेखी तक्रार झाली. बाबांनी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी परत धरली.

गच्चीवाली
@तिसरा मजला आता ती लिफ्ट आहे का?

तिसरा मजला
नाही. ऑटोमॅटिक दरवाजाची आलीय. स्टूल आमच्या घरी आहे.

नाना डोंबिवलीकर
सरळ सांगतो, नाव घ्या, दिवाळीला पोस्त हातावर ठेवा, पार्सल पण नीट सांभाळतात, पार्किंगमध्ये जागाही धरतात. दोघांचाही फायदा. त्यात एवढं भावुक होण्यासारखं काय आहे.

अर्धा कप
नाना, पोस्त वर्षातून एकदा, हाक रोजची. आणि जागा धरणं म्हणजे दुसऱ्याची मारणंच की.

वाळवंटातला मराठी
दुबईहून. इथे बिल्डिंग सांभाळणाऱ्याला सगळे "नातूर" म्हणतात. मी नवीन आलो तेव्हा मला वाटलं ते त्याचं नाव आहे! चांगलं वर्षभर "नातूरभाई, सलाम" करत होतो. मग कळलं अरबीत राखणदाराला तसं म्हणतात. म्हणजे मी त्याला रोज प्रेमाने "वॉचमनभाई" म्हणत होतो. तो केरळचा होता, खरं नाव सांगितलं तर मला नीट उच्चारता येईना. दोन दिवस त्याने प्रॅक्टिस करून घेतली, मग म्हणाला राहू दे, नातूरच बरं.

शांता
एक बारीक गोष्ट. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही, म्हणून आपण आडनाव विचारतो आणि पुढे काका, मामा लावतो. पण आडनाव विचारलं की काही जण गप्प होतात. आमच्या नागपूरच्या बिल्डिंगमध्ये एक गार्ड फक्त पहिलं नाव सांगायचा. मी दोनदा म्हटलं, "पूर्ण नाव सांगा की." नंतर त्यानेच सांगितलं, आधीच्या सोसायटीत आडनाव कळल्यावर एका घरातून पाण्याची बाटली यायची बंद झाली होती. तेव्हापासून मी विचारते, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" तो म्हणाला, "दादा म्हणा." वयाने माझ्यापेक्षा लहान आहे, तरी दादाच म्हणते.

जुना नाइटवाला
मी स्वतः दोन वर्षं नाइट केली, कॉलेज करता करता. खुर्चीकडून कसं दिसतं ते लिहितो.
नावाने हाक मारली की बरं वाटतं हे खरं, पण वेळ बघा. सकाळी सातला दूधवाले, कामवाल्या मावश्या, स्कूल बस सगळं एकदम असतं, तेव्हा नाव घेऊन नुसता हात केला तरी पुष्कळ. त्या वेळी उभं राहून गप्पा मारल्या की सुपरवायझर फोटो काढतो, माझा एकदा अख्ख्या दिवसाचा पगार गेला, कारण एक आजोबा मला त्यांच्या नातवाचं लग्न सांगत होते. त्यांना आजही माहीत नाही.
खरी गरज पहाटे तीनला असते. तेव्हा कोणी आलं आणि "काय रे, जागा आहेस ना" असं म्हणालं की राग यायचा, नाव घेऊन तेच विचारलं तर नाही यायचा. का ते मला सांगता येणार नाही.
आणि पैसे उसने मागितले तर द्यायलाच हवेत असं नाही. नाही म्हणा, पण दुसऱ्या दिवशी हाक मारायची बंद करू नका. माझ्याशी दोघांनी बंद केली होती.

बी विंग ७०४
आज विचारलं. आडनाव नाही विचारलं, शांताताईंचं वाचलं होतं. सासरे तरीही दहा मिनिटं उभे होते. नियम आहे म्हणाला. पण या वेळी केबिनमधली त्याची खुर्ची बाहेर आणून दिली.

गच्चीवाली
लोखंडेकाका शनिवारी गेले, युनिफॉर्म परत जमा करून. आज सकाळी गेटवर नवीन मुलगा. शर्टावर पाटी, पवार. मी म्हटलं तुझं नाव काय रे, तर त्याने आधी खाली शर्टाकडे बघितलं.